टाइलवर टाइल लावलेलं बाथरूम: पोकळ आवाज, ओल आणि दाराकडे येणारं पाणी, काय तपासायचं आणि जुनी टाइल कधी फोडायचीच

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमची कामं करतो, त्यात गेली काही वर्षं एकच तक्रार परत परत येते. दोन-तीन वर्षांपूर्वी बाथरूम नवीन केलं, फोडाफोड नको म्हणून जुन्या टाइलवरच नवीन टाइल लावून घेतली, आणि आता खालचे काका रोज बेल वाजवून सीलिंग दाखवायला बोलवतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे काय काय आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

भिंतीवर किंवा खाली बोटाने ठोकल्यावर काही टाइल पोकळ वाजतात. अंघोळ होऊन दोन-तीन तास झाले, जमीन वरून कोरडी दिसतेय, पण एखाद्या टाइलवर टाच दाबली की सांध्यातून पाण्याचे बारीक थेंब वर येतात. ग्राउट एकाच पट्ट्यात काळं पडतं, घासून पांढरं केलं तरी पंधरा दिवसांत परत काळं. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला, खास करून दाराच्या चौकटीजवळ खाली, रंगाला फुगे येतात, खरवडलं तर पांढरी पावडर, म्हणजे लोणा. खालच्या घरात सीलिंगला पिवळा डाग. पाणी नहाणीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येतं आणि पायपुसणं कायम ओलं. दार खाली घासतं. शॉवरच्या डायव्हर्टरचा नॉब भिंतीत रुतल्यासारखा दिसतो, त्याची प्लेट नीट बसत नाही.

शेवटची तीन लक्षणं उंचीची आहेत, पहिली दोन चिकटण्याची, आणि मधली तीन आत पाणी फिरतंय त्याची. बऱ्याच घरांत तिन्ही एकत्र असतात, पण उपाय वेगवेगळे आहेत म्हणून वेगळं करून बघायला लागतं.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठे चाललोय. भिंतीला टाइलवर टाइल चालते, अटी पाळल्या तर वर्षानुवर्षं टिकते. जमिनीला मी ती करत नाही, आणि जमिनीलगतच्या भिंतीच्या पहिल्या एक फुटालाही नाही. कारण वरची टाइल हे फक्त दिसणं आहे, पाणी अडवण्याचं काम खालचा वॉटरप्रूफिंगचा थर करतो, आणि तो तीस वर्षं जुना असेल तर त्याच्यावर कितीही महागडी टाइल चिकटवली तरी तो तीस वर्षं जुनाच राहतो.

पहिलं, फुकटातलं: ठोकून बघणं

रात्री घर शांत झाल्यावर एक जाडसर नाणं किंवा हातोडीचा लाकडी दांडा घ्या आणि खडू घ्या. प्रत्येक टाइल मध्ये एकदा आणि चारही कोपऱ्यांत एकेकदा वाजवा. भरीव टाइलचा आवाज छोटा आणि बंद येतो, सुटलेल्या टाइलचा पोकळ आणि जरा लांबलेला. पोकळ भाग खडूने गोल करून ठेवा, नुसतं "ही टाइल पोकळ आहे" असं नाही तर पोकळपणा नेमका कुठून कुठपर्यंत आहे ती रेष काढा.

ही रेष का महत्त्वाची, तर टाइलवर टाइल म्हणजे भिंतीवर आता थर झालेत चार. वीट, त्यावर जुना सिमेंटचा माल, त्यावर जुनी टाइल, त्यावर टाइल चिकटवायचं केमिकल आणि नवीन टाइल. यातला कुठलाही एक जोड सुटला की बाकीचे कितीही पक्के असले तरी उपयोग नाही. पोकळ भाग नवीन टाइलच्या कडेला येऊन थांबत असेल, म्हणजे शेजारची टाइल एकदम भरीव वाजत असेल, तर बहुतेक वेळा नवीन टाइलच सुटलेली आहे. पण खडूची रेष सांधे ओलांडून दोन-तीन टाइलमधून वेडीवाकडी जात असेल तर सुटलंय ते खालचं, जुनी टाइल किंवा तिचा माल. पहिल्या प्रकारात दुरुस्ती होऊ शकते, दुसऱ्या प्रकारात फोडण्याशिवाय मार्ग नाही, कारण नवीन टाइल काढून परत चिकटवली तरी ती सुटलेल्या भागावरच चिकटणार.

भिंतीवर डोक्याच्या उंचीला टाइल पोकळ आहे आणि बाजूने बघितल्यावर फुगवटा दिसतोय, तर बाकीचे चेक नंतर, आधी त्या भिंतीखाली अंघोळ बंद करा आणि ती टाइल उतरवून घ्या. साध्या भिंतीच्या टाइलचं आणि केमिकलचं मिळून वजन चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो होतं, आणि जुन्या टाइलसकट सुटलं तर त्याच्या दुपटीच्या वर.

दुसरं, हेही फुकटातलं: ओल कधी वाढते ते बघणं

खालच्यांच्या सीलिंगवर डागाच्या कडेने पेन्सिलने रेष मारा आणि बाजूला तारीख लिहा. मग दोन-तीन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. वापर बंद असूनही डाग रेषेबाहेर चालला किंवा थेंब पडतच राहिले तर पाणी बहुधा प्रेशरच्या लाइनमधून येतंय, म्हणजे भिंतीतला कन्सील्ड पाइप. मग व्हॉल्व्ह बंद करून परत दोन दिवस बघा. थेंब थांबले तर पाइपच. व्हॉल्व्ह बंद असतानाही थेंब पडत असतील तर तुमच्या बाथरूमचा संबंधच नसू शकतो, डक्टमधला पाइप किंवा वरच्या मजल्याचं पाणीही खाली उतरतं.

वापर बंद केल्यावर थेंब थांबले आणि परत अंघोळ सुरू केल्यावर काही तासांत आले, तर ते जमिनीतून किंवा नहाणीच्या ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्यातून. घाई करू नका, टाइलखालच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात पाणी मुरलेलं असतं आणि ते दोन-तीन दिवस हळूहळू उतरत राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या डागावरून निष्कर्ष काढला तर चुकतो. थेंबांवर आणि पेन्सिलच्या रेषेवर लक्ष ठेवा.

हे न करता थेट मिस्त्रीला बोलावलं तर तो सांध्यात इपॉक्सी भरून देतो. प्रेशर लाइन गळत असेल तर त्याने काडीचा फरक पडत नाही आणि पैसे गेलेले असतात.

तिसरं: उंची आणि ढाळ मोजणं

यासाठी स्टीलची टेप, एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आणि पाणसळ लागते. दाराच्या उंबऱ्यावर पट्टी आडवी ठेवून बाथरूमच्या आत सरकवा, पाणसळीने लेव्हल करा, आणि पट्टीपासून जमीन किती खाली आहे ते दारापाशी आणि ट्रॅपपाशी मोजा. दारापाशी किमान १५ ते २० मिलीमीटर खाली असायला हवी. ढाळ मीटरला १० ते १२ मिलीमीटर असायला हवा, म्हणजे सात फुटी बाथरूममध्ये दारापासून ट्रॅपपर्यंत साधारण २१ ते २५ मिलीमीटर.

आता हिशोब बघा. जमिनीची टाइल ८-९ मिलीमीटर, केमिकल ४-५ मिलीमीटर, म्हणजे जमीन वर आली १३ मिलीमीटर. उंबरा मात्र तिथेच. ज्यांच्याकडे आधीच १८ होते त्यांच्याकडे उरले पाच. शॉवरचं पाणी एका अंघोळीत तेवढं साचतंच, मग ते उंबऱ्यावरून बाहेर नाहीतर उंबऱ्याखालच्या सांध्यातून चौकटीत. दाराबाहेरच्या भिंतीचे रंगाचे फुगे इथूनच येतात.

भिंतींनाही हेच लागू. दोन्ही बाजूंनी १३-१३ मिलीमीटर वाढले की चार फुटांच्या बाथरूममधली एक इंच जागा गेली. इंचाने काय होतंय असं वाटतं, पण कमोड बदलणार असाल तर होतं. खालून आउटलेट असलेल्या कमोडचं भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, भिंत पुढे आली की तेच मॉडेल मागे टेकतं आणि पाइपवर नीट बसत नाही. कन्सील्ड डायव्हर्टरच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात, फिनिश टाइल त्या दोन खुणांच्या मध्ये यायला लागते. वर एक थर चढला की बॉडी खोल जाते. नळांना एक्स्टेन्शन निपल लावून भागतं, डायव्हर्टरला त्याच कंपनीचं एक्स्टेन्शन किट मिळालं तर ठीक, नाहीतर बॉडी बाहेर काढावी लागते. हे काम सुरू व्हायच्या आधी दुकानात विचारा, टाइल लागल्यावर नाही.

चौथं: ट्रॅपची जाळी उचलून बघणं

माझ्या अनुभवात टाइलवर टाइलची निम्म्याच्या वर गळती इथे सापडते, म्हणून हे जरा सविस्तर.

जाळी काढा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि बोट आतल्या कडेने फिरवा. जुनी टाइल ट्रॅपच्या काठाला येऊन मिळाली होती. नवीन टाइल तिच्यावर १३ मिलीमीटर उंच बसली, म्हणजे ट्रॅपच्या भोवती तेवढ्या उंचीची एक उघडी कड तयार झाली. खाली जुनी टाइल, मध्ये केमिकलचा थर, वर नवीन टाइल. केमिकल कडेपर्यंत भरलेलं नसेल तर बोट सरळ दोन टाइलच्या मध्ये जातं. मी तिथे पातळ पत्र्याची पट्टी सरकवून बघतो, काही ठिकाणी ती चार-पाच इंच आत जाते. वापरलेलं सगळं पाणी याच कडेवरून खाली पडतं, आणि दर वेळी थोडं थोडं दोन टाइलच्या मध्ये शिरतं. वर चकचकीत टाइल, खाली चकचकीत टाइल, वाफ होऊन जायला जागा नाही. मग ते जुन्या टाइलच्या सांध्यांतून कोब्यात उतरतं किंवा उंबऱ्यापाशी बाहेर येतं. पाय दाबल्यावर थेंब वर येतात ते हेच पाणी.

कड उघडी सापडली तर ट्रॅप बंद करून पॉन्ड टेस्ट घ्या. खालच्यांना आधी सांगा, त्यांच्याकडे आधीच धार लागलेली असेल तर ही टेस्ट करूच नका. ट्रॅपचं तोंड बॉल प्लगने किंवा कापड आणि पुट्टीने बंद करा, दारात पुट्टीचा छोटा बांध घाला, कारण उंबरा पाचच मिलीमीटर उरला असेल तर पाणी उभंच राहणार नाही. ट्रॅपजवळ इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा, २४ तास थांबा. वाफेने दोन-तीन मिलीमीटर कमी होतं, त्याहून जास्त उतरलं तर जमीन पाणी पितेय. पाणी हललं नाही आणि खालीही ओल वाढली नाही, तर दुसऱ्या दिवशी उलटं करा, जमीन कोरडी ठेवून पाइपने फक्त ट्रॅपच्या आत पाणी सोडा. आता खाली थेंब आले तर ट्रॅप आणि त्याच्या पाइपचा जोड गेलाय. दोन्ही एकदम केलं तर काहीच कळत नाही, म्हणून वेगवेगळं.

पाचवं: एक टाइल काढून तिची पाठ वाचणं

इथून थोडा खर्च सुरू होतो, मिस्त्रीचा अर्धा दिवस आणि एक टाइल. खडूने गोल केलेल्यांपैकी एक निवडा, चारही बाजूंचं ग्राउट ग्राइंडरने कापून घ्या म्हणजे शेजारची फुटणार नाही, आणि पातळ छिन्नीने हळू उचला. मिस्त्रीला सांगून ठेवा की तुकडे फेकायचे नाहीत, पाठ बघायची आहे.

जुन्या टाइलचा ग्लेझ स्वच्छ, चकचकीत दिसतोय आणि केमिकल सगळं नवीन टाइलच्या पाठीला चिकटून आलं, तर जुनी टाइल लावण्याआधी तयार केलेली नव्हती. वर्षानुवर्षांचा साबण, तेल, क्षारांचा थर तसाच होता, ग्लेझ घासून खरबरीत केलेला नव्हता. शॉवरच्या भिंतीवर हे सगळ्यात जास्त दिसतं, कारण साबण तिथेच उडतो.

उलट झालं, केमिकल भिंतीवर राहिलं आणि नवीन टाइलची पाठ कोरीच्या कोरी निघाली, तर दोन शक्यता. एकतर मिस्त्रीने एकदम मोठ्या भागावर केमिकल पसरलं आणि टाइल लावेपर्यंत वरची साय सुकली, किंवा टाइलच्या पाठीवरची फॅक्टरीतली पांढरी पावडर पुसली नव्हती. केमिकलवर थापीच्या खाचांच्या रेषा जशाच्या तशा उभ्या दिसत असतील तर सुकल्यावर टाइल ठेवली हे नक्की, ओल्यावर ठेवून दाबली असती तर त्या रेषा चेपल्या असत्या.

पाठीवर पाच गोळे दिसले, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, बाकी रिकामं, तर लावण्याची पद्धतच चुकली. गोळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पाणी साठतं, आणि खाली जमिनीवर असेल तर बादली आपटल्यावर टाइल तिथेच फुटते.

राखाडी सिमेंटची पेस्टच दिसली, केमिकल नाहीच, तर बाकीच्याही सुटणार आहेत हे धरून चाला. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते आणि जुन्या टाइलचा ग्लेझ तर शोषतच नाही, साध्या सिमेंटला दोन्हीकडे पकडायला काही मिळत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवीन टाइल, जुनी टाइल आणि माल असा तिन्हींचा एकच सँडविच हातात आला आणि मागे ओली, काळपट वीट दिसली. केमिकलने आपलं काम चोख केलंय, पण जुना मालच विटेपासून सुटला होता. त्या भिंतीवर दुरुस्ती करू नका, पूर्ण उतरवा.

एक केस पूर्ण सांगतो

डोंबिवली पूर्व, १९९६ ची बिल्डिंग, दुसरा मजला, बाथरूम सात फूट बाय चार फूट. भिंती आणि जमीन दोन्हीकडे टाइलवर टाइल. तक्रार खालच्या घरातल्या ओलीची आणि दाराबाहेरच्या फुग्यांची.

ठोकून बघितलं तर शॉवरची भिंत कमरेपासून वर पोकळ, रेषा टाइलच्या कडेला थांबणाऱ्या. बाकी तीन भिंती भरीव, तळाच्या ओळी सोडल्या तर. बाथरूम दोन दिवस बंद ठेवलं, थेंब थांबले, म्हणजे प्रेशर लाइन तेव्हा तरी गळत नव्हती. मोजलं तर दारापाशी उंबरा फक्त पाच मिलीमीटर वर आणि सात फुटांत ढाळ १३ मिलीमीटर, खरं तर २१ तरी हवा होता. याचं कारण जमिनीला दोन बाय दोनच्या मोठ्या टाइल लावल्या होत्या. ट्रॅप कोपऱ्यात असतो, ढाळ दोन दिशांनी द्यावा लागतो, मोठी टाइल दोन दिशांना वाकत नाही, मग मिस्त्रीने दारापाशी चार आणि ट्रॅपकडे बारा मिलीमीटर केमिकल भरून टाइल सरळ बसवून टाकली. जुना ढाळ चांगला होता, तो नवीन थरात मेला. जमिनीला एक बाय एकची अँटी-स्किड टाइल घेतली असती तर एवढं तरी वाचलं असतं.

ट्रॅपपाशी पट्टी आत गेली. पॉन्ड टेस्टला पाणी बारा तासांतच एक सेंटीमीटर उतरलं. शॉवरच्या भिंतीची टाइल काढली तर खाली ग्लेझ आरशासारखा, म्हणजे साबणावरच चिकटवलेली.

मग ठरलं असं. जमीन पूर्ण फोडायची, चारही भिंतींचा खालचा एक फूट फोडायचा, शॉवरची भिंत दोन्ही थरांसकट उतरवायची, बाकी तीन भिंती तशाच ठेवायच्या. खालचा एक फूट कशासाठी, तर वॉटरप्रूफिंगचा कोट जमिनीवरून भिंतीवर एक फूट चढवायला लागतो, नाहीतर जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यातूनच पाणी जातं. तीन भिंती वाचवायच्या तर ग्राइंडरने एक फुटावर सरळ रेष कापून मगच छिन्नी लावली, म्हणजे हादरा वरच्या ओळींना गेला नाही.

टाइल आणि दोन इंच माल निघाल्यावर खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा काळा आणि चिखलासारखा ओला निघाला, म्हणून सनकन, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला, स्लॅब पूर्ण रिकामा केला. हे आधीच सांगून ठेवतो, एवढ्याशा बाथरूममधूनही एक टनाच्या वर राबिट, म्हणजे फोडलेला ढिगारा, निघतं, गोण्या, लिफ्टची परवानगी आणि गाडी यांचा खर्च धरूनच फोडायचं ठरवा. स्लॅब वरून चांगला होता. शॉवरच्या भिंतीत लोखंडी जीआय पाइप निघाले, एल्बोपाशी गंजून पापुद्रे सुटलेले. गळत नव्हते, पण फार दिवस राहिले नसते. प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाकले, नवीन टाइल लावण्याआधी पंप लावून प्रेशर टेस्ट घेतली.

त्यानंतर ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, आणि टाइलच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवलं. खालच्या काकांना दोन्ही दिवस सीलिंग बघायला सांगितलं. कोरडं निघाल्यावरच कोबा, ढाळ आणि टाइल. नवीन जमीन उंबऱ्याच्या २५ मिलीमीटर खाली घेतली. बाथरूम जवळजवळ दोन आठवडे बंद राहिलं, टाइलवर टाइलला चार दिवस लागले असते. घरात दुसरं बाथरूम नसेल तर हे दिवस खरंच जड जातात, म्हणूनच लोक टाइलवर टाइलकडे वळतात, ते मला समजतं.

तीन भिंती वाचल्या त्याही एका कारणाने. मालकांकडे जुन्या कामातला टाइलचा एक बॉक्स शिल्लक होता, खालची ओळ त्यातून भरली. कुठलंही काम करताना एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, वर्षभरात ती डिझाइन बाजारातून जाते.

मग टाइलवर टाइल कुठे करायची

बिल्डिंग फार जुनी नाही, खालच्यांकडे ओल नाही, पाइप सीपीव्हीसीचे आहेत, आणि ठोकल्यावर दहात एखादीच जुनी टाइल पोकळ आहे. अशा वेळी भिंतीला बिनधास्त करा. पोकळ आहे ती एखादी काढून जागा मालाने भरून सपाट करा. भिंत डिटर्जंटने घासून धुवा, मग ग्राइंडरला डायमंड कप लावून ग्लेझ सगळीकडे खरवडा. काही मिस्त्री नुसते टाचे मारतात, इथे एक तिथे एक. टाच्यांच्या मधला ग्लेझ गुळगुळीतच राहतो, आणि जोरात मारले तर जुनी टाइल आतून सुटते. त्यापेक्षा कप बरा, धूळ प्रचंड उडते, मास्क सगळ्यांनी लावा. धूळ धुवून काढल्यावर कंपनीने सांगितला असेल तर प्रायमर.

केमिकल घेताना गोणीवर सी२ लिहिलेलं आणि टाइल-ऑन-टाइलसाठी चालतं असं छापलेलं बघा. सी१ हे साध्या प्लास्टरवर सिरॅमिकसाठी, त्याची पकड सी२ च्या निम्मी धरलेली असते. वीस किलोची गोणी तीन मिलीमीटर जाडीला साधारण ४५ ते ५० चौरस फूट जाते. मिस्त्री म्हणाला एका गोणीत शंभर फूट करतो, तर तो गोळे लावणार आहे हे समजा. खाचांची थापी, भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवर दोन्हीकडे, आणि दर वीस-पंचवीस टाइलमागे एक ओली असतानाच परत उचलून पाठ बघायची. पूर्ण भरलेली दिसली पाहिजे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद आणि इलेक्ट्रिशियन, टाइलचं नंतर बघू. खालच्यांची ओल त्यांच्या लाइटच्या पॉइंटपर्यंत गेली असेल तरी तेच, तो पॉइंट आधी बंद करायला सांगा.

फोडताना स्लॅबची सळई दिसली, गंजून फुगलेली असेल, किंवा खालच्या सीलिंगचे पोपडे सळईसकट पडत असतील, तर छिन्नी खाली ठेवा. मिस्त्रीला त्यावर माल थापून झाकू देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. बिल्डिंग तीस वर्षांच्या वर असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट असायला हवा, काम काढण्याआधी सेक्रेटरींकडे मागा, त्यात तुमच्या फ्लॅटच्या टॉयलेट ब्लॉकबद्दल काही लिहिलंय का वाचा.

भिंत साडेचार इंची असेल आणि ठोकताना पलीकडून हलतेय असं जाणवलं तर ब्रेकर मशीन बंद, हाताने छिन्नीने काढायचं, तरीही हललीच तर इंजिनिअर. सनकनमध्ये तर मोठं ब्रेकर कधीच लावू देऊ नका, कोबा कुठे संपतो आणि स्लॅब कुठे सुरू होतो ते मशीनला कळत नाही.

गळती डक्टमधल्या उभ्या सॉइल, म्हणजे संडासच्या, पाइपची निघाली तर ती लाइन सोसायटीची आहे, त्याला तुमच्या प्लंबरने परस्पर हात लावायचा नाही, लेखी अर्ज द्या आणि फोटो जोडा.

दुसऱ्या चेकमध्ये प्रेशर लाइनचा संशय आला असेल तर टाइल फोडण्याआधी प्लंबरला पंप घेऊन बोलवा. गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या बंद करून प्रत्येकीवर प्रेशर द्यायला सांगा आणि तासभर काट्याकडे बघत तिथेच उभे राहा. जिचा काटा उतरतो, त्याच लाइनची भिंत उघडायची.